टाकी उलगडली, पण चुकीच्या जागी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये मी आरेखनाचे काम पाहतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही शिरोलीतील एका कारखान्यासाठी पाण्याची उभी टाकी बनवली. तिचा बाहेरचा घेर बरोबर १२ मीटर होता आणि उंची ५ मीटर. खालच्या जंक्शन बॉक्सपासून ४ मीटर उंचावर बसवलेल्या सेन्सरपर्यंत टाकीला चिकटूनच केबल न्यायची होती, आणि ती कमीत कमी लांबीची हवी होती.

पत्रा रोलिंग मशीनमधून वाकवला जातो तेव्हा त्याच्या पृष्ठभागावरची अंतरे जवळजवळ तशीच राहतात. म्हणूनच टाकी उभ्या वेल्डवर कापून सपाट पसरली असे मानले, तर १२ बाय ५ मीटरचा आयत मिळतो आणि त्यावरची सरळ रेघ हीच वक्र पृष्ठभागावरची सर्वांत जवळची वाट ठरते. मी तसा आयत काढला. दोन बिंदूंमधले आडवे अंतर ९ मीटर आणि उभे ४ मीटर आले. वर्गांची बेरीज ९७, म्हणून लांबी सुमारे ९.८५ मीटर, त्या हिशोबाने दहा मीटर केबल मागवली.

जागेवर आमच्या जुन्या फिटरमामांनी खालून वरपर्यंत सुतळी ताणली. ती कुठेही न घसरता टाकीवर नीट बसली, त्यामुळे माझी खात्री अधिकच पक्की झाली. मामा मात्र टाकीला वळसा घालून आले आणि म्हणाले, "साहेब, पलीकडनं बघा की. सेन्सर तर इथंच हाय."

खरोखरच दुसऱ्या बाजूने आडवे अंतर फक्त ३ मीटर होते. माझी उभी काप नेमकी त्या ३ मीटरच्या पट्ट्यातून गेली होती, त्यामुळे जवळचे दोन बिंदू कागदावर दोन टोकांना जाऊन बसले. आयताशेजारी तसाच दुसरा आयत जोडून सेन्सरची खूण पुन्हा केली असती, तर ३ आणि ४ या बाजूंचा काटकोन त्रिकोण तिथेच दिसला असता. केबल लागली ती ५ मीटर, अधिक जोडणीपुरता थोडा वाढावा.

सुतळीने मला का फसवले, हा विचार त्या दिवशी संध्याकाळपर्यंत डोक्यात घोळत होता. ताणलेली सुतळी एवढेच सांगते की आजूबाजूला थोडे सरकून वाट आणखी आखूड होत नाही. टाकीला उलट्या दिशेने वळसा घालणारी वाट तिला ठाऊकच नसते, म्हणून ९.८५ मीटरची आणि ५ मीटरची अशा दोन्ही सुतळ्या सारख्याच घट्ट बसतात.

टाकीला सपाट झाकण असल्यामुळे वरून जाण्याची वाटही मी मग मोजून पाहिली. ती ५ मीटरपेक्षा लांब आली, म्हणजे इथे निरुपयोगी. पण दोन्ही बिंदू समोरासमोर आणि काठापासून अर्ध्याच मीटरवर असते, तर घेरावरून ६ मीटर आणि झाकणावरून सुमारे ४.८ मीटर, असा हिशोब उलटला असता.

उरलेली जवळजवळ पाच मीटर केबल अजून आमच्या स्टोअरमध्ये आहे.