बीटचं प्रॅक्टिकल आणि इंट्रोडक्शनचं शेवटचं वाक्य

"बारावीपर्यंत जर्नलमध्ये एम लिहिलं, थिअरी लिहिली. आता एफ.वाय.ला इंट्रोडक्शन लिहा आणि त्यातून हायपोथिसिसवर या म्हणतात. मॅडम, सुरुवात नेमकी कुठून करायची?"

शेवटून करा. इंट्रोडक्शनचं शेवटचं वाक्य म्हणजे तुमचं गृहीतक. ते आधी कच्च्या कागदावर लिहा आणि त्याच्या वर काय लागतं ते मग शोधा. वाचणारा वरून खाली येतो, पण लिहिणाऱ्याने खालून वर चढायचं असतं. मुंबईतल्या प्रयोगशाळांत इतकी वर्षं जर्नल तपासल्यावर मला याहून भरवशाची वाट सापडलेली नाही.

बीटचंच प्रॅक्टिकल घेऊ. बीटचे सारख्या मापाचे तुकडे कापायचे आणि कापताना फुटलेल्या पेशींचा रंग निघून जाईपर्यंत धुवायचे. मग ते वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात एकेक मिनिट ठेवायचे आणि तिथून साध्या पाण्याच्या टेस्ट ट्यूबमध्ये वीस मिनिटं. पाण्यात जितका लाल रंग उतरेल तितका तो कलरीमीटरवर, हिरवा फिल्टर लावून, ॲबसॉर्बन्स म्हणून मोजायचा.

यावर दर वर्षी सर्वांत जास्त वेळा येणारं गृहीतक असं: "तापमानाचा पेशीपटलावर परिणाम होतो." या वाक्याला मी लाल शाईने एकच प्रश्न विचारते. काय दिसलं तर तू हे वाक्य खोडशील? रंग जास्त उतरला, तरी परिणाम झाला. कमी उतरला, तरी झाला. आधी जास्त आणि मग कमी, तोही परिणामच. कुठल्याच आकड्यापुढे हे वाक्य हरत नाही, म्हणून ते तपासताच येत नाही. खरं तर ते एमच आहे, फक्त "अभ्यासणे" हा शब्द काढून टाकलेला.

दुसरी पायरी: "तापमान वाढलं की पटलाची पर्मिएबिलिटी वाढते." आता निदान दिशा आली. पण पर्मिएबिलिटी कलरीमीटरवर दिसत नाही, दिसतो ॲबसॉर्बन्स. शिवाय वाढ हळूहळू झाली काय किंवा एका टप्प्यावर उडी मारून झाली काय, हे वाक्य दोन्हीकडे खरंच ठरतं.

बीटमधली सगळी गंमत त्या उडीतच आहे. म्हणून तिसऱ्या पायरीवर माझ्या मते असं लिहायला हवं: "५० ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात ॲबसॉर्बन्समध्ये होणारी वाढ ३० ते ५० अंश या संपूर्ण टप्प्यातल्या वाढीपेक्षा जास्त असेल." या वाक्यात "फार", "लक्षणीय", "एकदम" असा एकही शब्द नाही. प्रत्येक तापमानाला तीन ट्यूब लावायच्या, सरासरी काढायची आणि दोन वजाबाक्या करायच्या. पहिली दुसरीपेक्षा मोठी आली नाही, तर गृहीतक पडलं. नल हायपोथिसिस मागितलं असेल, तर ही वाढ ३० ते ५० मधल्या वाढीपेक्षा जास्त नसेल, असं लिहिलं की झालं.

आता हे वाक्य टेबलावर ठेवा आणि बीट कधीच न पाहिलेल्या माणसासारखं त्याला प्रश्न विचारा. ॲबसॉर्बन्सचा पेशीपटलाशी काय संबंध? ५० आणि ६० हे आकडे आले कुठून? वाढ सरळ रेषेत न होता उडी का मारेल? या तीन प्रश्नांची उत्तरं म्हणजेच तुमचं इंट्रोडक्शन. यांतल्या एकालाही उत्तर न देणारं वाक्य कितीही खरं असलं तरी तिथे नको.

रॉबर्ट हूकचं उदाहरण घ्या. निम्म्या जर्नलांची सुरुवात १६६५ सालच्या हूकने होते. त्याने बुचाच्या पातळ कापात पेशी पाहिल्या हे खरं आहे. पण बुचाच्या त्या पेशी मेलेल्या होत्या. त्याला दिसल्या त्या पेशीभित्तिका, पटल त्यात नव्हतंच. आपला सगळा प्रश्न पटलाचा. हूकपासून निघालं की बीटपर्यंत यायला रस्ताच उरत नाही, आणि मग मुलं दुसऱ्या परिच्छेदात उडी मारून थेट "बीटमध्ये लाल रंग असतो" इथे उतरतात. वाचणाऱ्याला वाटतं, मधलं पान गळलं.

पार्श्वभूमी किती वरून सुरू करायची, याचं उत्तर इथेच मिळतं. ज्या वाक्यापासून न अडखळता खाली उतरता येतं, तितक्याच वरून. आपल्या बाबतीत ते वाक्य पेशीपटलाचं आहे. पेशीचं नाही आणि जीवसृष्टीचं तर नाहीच. पटलाबद्दलही सगळं सांगायचं नाही. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेलं फ्लुइड मोझेइक मॉडेल इथे उपयोगाला येतं ते एकाच कारणासाठी: पटल दोन प्रकारच्या रेणूंचं बनलेलं आहे, लिपिडचा दुहेरी थर आणि त्यात बसलेली प्रथिनं. हे दोन भाग उष्णतेला वेगवेगळ्या तऱ्हेने वागतात, आणि इंट्रोडक्शनचं वळण नेमकं इथे आहे. लिपिडचा थर तापेल तसा अधिकाधिक प्रवाही होत जातो. प्रथिनांची घडी मात्र बराच वेळ टिकून राहते आणि ठरावीक टप्प्यानंतर मोडते. रंग झिरपण्यामागे मुख्यतः लिपिडची वाढती प्रवाहिता असेल, तर आलेख हळूहळू चढायला हवा. मुख्यतः प्रथिनं मोडत असतील, तर आधी सपाट आणि मग उभा. एकाच प्रयोगात दोन वेगळे आकार शक्य आहेत, हे वाचणाऱ्याला दिसलं की गृहीतकाची वाट मोकळी झाली.

मुलं मला विचारतात, "पण मॅडम, यात नवीन काय? हे सगळ्यांना माहीतच आहे." पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये जगाला माहीत नसलेलं काही शोधायचं नसतं. मॉडेलमधून निघणाऱ्या दोन शक्यतांपैकी आपल्या तुकड्यांत, आपल्या साधनांनी कोणती दिसते, एवढी मोकळी जागा पुरते. ती जागा एका वाक्यात सांगावी आणि पुढे जावं.

वर्गात फळ्यावर आम्ही मिळून लिहिलेला मसुदा देते. जर्नलमध्ये तुम्ही इंग्रजीत लिहाल, पण आधी मराठीत विचार करून पाहा. घोकलेली वाक्यं मराठीत येत नाहीत, म्हणून न समजलेली जागा लगेच उघडी पडते.

"पेशीपटल पेशीत काय यावं आणि काय बाहेर जावं हे ठरवतं. फ्लुइड मोझेइक मॉडेलनुसार ते लिपिडच्या दुहेरी थराचं आणि त्यात बसलेल्या प्रथिनांचं असतं. तापमान वाढलं की लिपिडचा थर क्रमाने जास्त प्रवाही होतो. अनेक प्रथिनांची रचना मात्र साधारण ५० अंश सेल्सिअसच्या पुढे मोडू लागते. बीटच्या पेशीत बीटासायनिन हे लाल रंगद्रव्य रिक्तिकेत साठवलेलं असतं. बाहेरच्या पाण्यात यायला त्याला रिक्तिकेभोवतीचं आणि पेशीभोवतीचं अशी दोन पटलं ओलांडावी लागतात. दोन्ही शाबूत असताना ते फारसं बाहेर येत नाही, म्हणून पाण्यात उतरलेला रंग पटलांना झालेल्या इजेचं माप म्हणून वापरता येतो. ही इजा तापमानाबरोबर क्रमाने वाढते की ठरावीक टप्प्यावर, हे या प्रयोगात ३० ते ७० अंशांदरम्यान पाहिलं. प्रथिनांचं मोडणं हे मुख्य कारण असेल, तर ५० ते ६० अंशांमधली ॲबसॉर्बन्सची वाढ ३० ते ५० अंशांमधल्या एकूण वाढीपेक्षा जास्त असेल."

प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यातला एखादा शब्द उचलून पुढे जातं, हे पाहा. पटल, मग पटलातले दोन भाग, मग त्या दोन भागांवर उष्णता, मग बीटमधली दोन पटलं, मग रंग, मग आकडा. मी मुलांना गृहीतकातल्या प्रत्येक नामाखाली रेघ ओढायला सांगते आणि तो शब्द वर कुठे पहिल्यांदा आला ते बोटाने दाखवायला सांगते. "ॲबसॉर्बन्स" शेवटच्या वाक्यातच पहिल्यांदा येतोय, असं एका मुलीने या मसुद्यावरच दाखवलं. तिचं बरोबर होतं. "पाण्यात उतरलेला रंग" याच्यापुढे "कलरीमीटरवरच्या ॲबसॉर्बन्सने मोजलेला" असं आम्ही जोडलं.

मसुद्यातल्या "कारण असेल, तर" या शब्दांवर मी अडून बसते. उडी दिसली म्हणजे प्रथिनंच मोडली, असं सिद्ध होत नाही. जास्त उष्णतेत लिपिडचा थरही विस्कटू शकतो आणि आलेख तसाच दिसू शकतो. प्रयोगाने तपासला जातो तो आलेखाचा आकार. कारण हा आपला अंदाज असतो, म्हणून वाक्यात दोन्ही वेगळे दिसायला हवेत. आणि ३० का, हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो. मुंबईत वर्षातले बरेच महिने नळाचं पाणीच तीसच्या आसपास असतं. त्याखाली जायचं तर बर्फ आणावा लागतो, आणि आपल्या प्रश्नाला त्या टोकाची गरज नाही.

त्याच मुलीचा आलेख मागच्या वर्षी वेगळा आला. ६० पर्यंत जेमतेम चढला आणि ७० ला उभा राहिला. ती गृहीतकातले आकडे खोडून "६० ते ७०" असं लिहिलेलं इंट्रोडक्शन घेऊन माझ्याकडे आली. मी तिला खोडलेलं पुन्हा लिहायला लावलं. प्रयोगाच्या आधी जे म्हटलं होतं तेच इंट्रोडक्शनमध्ये राहतं. ते पडलं, हे डिस्कशनमध्ये लिहायचं. मग आम्ही तिचे तुकडे पाहिले. कॉर्क बोररने काढलेले, बोटाएवढे जाड. एका मिनिटात अशा तुकड्याच्या आतपर्यंत ६० अंशांची ऊब पोचली नसण्याचीच शक्यता जास्त.

"म्हणजे मॅडम, थर्मामीटर पाण्याचं तापमान सांगत होता, बीटचं नाही?"

"हो गं. आणि तुझ्या गृहीतकात कुठलं तापमान लिहिलंयस?"

तिने वही उघडून पाहिलं. "कुठलंच नाही. नुसतं ५० आणि ६०."

पुढच्या प्रॅक्टिकलला ती ब्लेडने दोन मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापत बसली होती. नव्या पानावर गृहीतक तेच होतं, फक्त आकड्यांच्या आधी "चकतीचं तापमान" हे दोन शब्द वाढले होते, आणि वर इंट्रोडक्शनमध्ये त्या दोन शब्दांसाठी एक नवं वाक्य.