खुणेच्या पट्ट्या कुठे थांबल्या

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गात पुस्तक हातात न धरणारी अकरा मुलं होती. त्यांच्यासाठी वास्तववादी कादंबऱ्यांची यादी करायचं मी जूनमध्ये ठरवलं. जादू, राक्षस, अंतराळ नको. आपल्यासारखी माणसं, घर, शाळा, गाव एवढंच हवं. पहिली यादी मी एका संध्याकाळी केली. बारा पुस्तकं, सगळी माझ्या आवडीची.

प्रत्येक पुस्तकात खुणेसाठी कागदाची एक पट्टी घालून दिली. तीन आठवड्यांनी पुस्तकं परत आली तेव्हा ‘आवडलं का?’ असं विचारलंच नाही. सगळे ‘हो बाई’ म्हणतात. मी पट्ट्या पाहिल्या. बहुतेक पट्ट्या आठव्या ते पंधराव्या पानात होत्या. म्हणजे मुलांनी सुरुवात केली होती, पण आत शिरता आलं नव्हतं.

मग मी ती पानं स्वतः पुन्हा वाचली. राम पटवर्धनांनी अनुवादलेलं ‘पाडस’ माझं अतिशय लाडकं पुस्तक. फ्लोरिडाच्या जंगलातला ज्योडी, त्याचे आईबाप, शेती, भूक, सगळं खरं. पण ते जाडजूड आहे, सुरुवात संथ आहे, आणि ज्याच्यासाठी मूल ते उघडतं ते हरणाचं पिल्लू यायला बरीच पानं जावी लागतात. वाचनाची सवय असलेलं मूल ती पानं ओलांडतं. ज्याला एका पानाला पाच मिनिटं लागतात, त्याचा धीर त्याआधीच संपतो. ते मी यादीतून काढलं नाही, पण पहिल्या फेरीतून बाजूला ठेवलं.

दुसऱ्या यादीसाठी एकेका मुलाला जवळ बसवून पहिलं पान मोठ्याने वाचायला लावलं. न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. पानभरात पाचही बोटं दुमडली तर ते पुस्तक आत्ता एकट्याने वाचण्याचं नाही. त्याशिवाय बारीक टाइप आणि संवाद नसलेली सलग पानं मी आधीच वगळली.

या कसोटीत ‘बनगरवाडी’ नापास झाली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी छोटी आहे, सांगणारा तरुण मास्तर आहे, गोष्ट धनगरांच्या वाडीतल्या शाळेची आहे. माझ्या दृष्टीने याहून योग्य पुस्तक नव्हतं. पण शहरातल्या मुलांची बोटं माणदेशी बोलीवर भराभर दुमडली. टाकवत नव्हतं, म्हणून एका तासाला मीच वाचायला घेतली. मी धनगरांचं बोलणं पुस्तकी सुरात वाचत होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘‘बाई, असं नाय म्हणत. आमचा आजा म्हणतो तसं वाचू का?’’ त्याच्या आजोबांची मेंढरं होती. त्याने ते वाक्य हेल काढून म्हटलं आणि वर्गाला अर्थ सांगावाच लागला नाही. जी बोली डोळ्यांना अडते, ती कानाला पुष्कळदा अडत नाही. तेव्हापासून बोलीतल्या पुस्तकांची पहिली वीसेक पानं वर्गात ऐकवायची आणि मगच पुस्तक घरी द्यायचं, असं मी ठरवलं. त्या मुलाची पट्टी पुढे तालीम बांधायच्या प्रसंगापर्यंत गेली होती.

‘वनवास’ मी नियम मोडून घेतलं. प्रकाश नारायण संतांचं हे पुस्तक कादंबरी नाही, कथासंग्रह आहे. पण सगळ्या कथांत लंपन हा एकच मुलगा आहे. एक कथा वाचली की काहीतरी पुरं झाल्यासारखं वाटतं, आणि न वाचणाऱ्या मुलाला ते पुरं होणं फार लागतं. कानडी वळणाचे शब्द येतात तिथे मात्र सोबत बसावं लागतं.

‘शाळा’बद्दल मी बरेच दिवस अडून होते. मिलिंद बोकिलांची ही कादंबरी मोठी असूनही मुलं सोडत नाहीत, कारण तिच्यातली नववीतली पोरं खरीखुरी बोलतात. त्यात प्रेम आहे, शिव्या आहेत, आणीबाणीचा काळ आहे. सहावी-सातवीला मी ती देत नाही. आठवीला देते, तीही पालकांना आधी सांगून. एका आईने नको म्हटलं, तेव्हा तिच्या मुलीला दुसरं पुस्तक दिलं आणि वाद घातला नाही.

आता यादीत सहाच नावं आहेत. तीस पानं वाचूनही नको वाटलं तर पुस्तक बदलून मिळतं, आणि त्याचं कारण लिहून द्यावं लागत नाही. सारांश, प्रश्नोत्तरं, पुस्तक-परिचय यांतलं काही मागत नाही. अकरापैकी सात जणांनी दिवाळीपर्यंत एक तरी पुस्तक संपवलं. उरलेल्या चौघांपैकी दोघांना अजून जोडाक्षरंच अडतात. त्यांच्यासोबत मी मधल्या सुट्टीत दोन-दोन पानं वाचते, आणि पट्टी त्यांनाच घालायला सांगते.