वहीत नसलेली पोर

१० फेब्रुवारीला, राष्ट्रीय जंतनाशक दिनी, दुपारी तीनच्या सुमारास माढा तालुक्यातल्या एका शाळेतून आमच्या आरोग्य केंद्रात फोन आला. "मॅडम, लवकर या. पोरानं उलटी केलीय, उलटीत साप आलाय म्हणतायत."

साप नव्हता. फरशीवर वीतभर लांब, गुलाबीसर पांढरा गोल जंत पडला होता. सात वर्षांचा मुलगा भिंतीला टेकून पाणी पीत होता, घाबरलेला पण ठणठणीत. पोट मऊ होतं, उलटी थांबली होती. बाहेर मात्र पालक जमले होते आणि गोळीनंच पोराला बाधलं अशी कुजबुज चालू होती. मी तो जंत बाटलीत घालून सगळ्यांना दाखवला. पोटात जंत जास्त असले की गोळीनंतर मळमळ, पोटदुखी, एखादी उलटी होते. हा प्राणी गोळीनं आलेला नाही, गोळीमुळं बाहेर पडलाय, एवढं त्यांना पटेपर्यंत मी तिथून हलले नाही. अशी एक अफवा पसरली की पुढच्या खेपेला अर्धी शाळा गोळी तोंडात धरते आणि बाहेर जाऊन थुंकते. म्हणून तर ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोलची गोळी घरी द्यायची नसते, शिक्षकांनी समोर चावून खायला लावायची असते.

गर्दीत मुलाची आई होती. ऊसतोडीला बीडकडून आलेलं कुटुंब. तिच्यामागे नऊ वर्षांची मुलगी, कडेवर धाकटं भावंड, पायात काही नाही. ती दाराला टेकून धापा टाकत होती. त्यांच्या झोपडीपासून, म्हणजे कोपीपासून, शाळा जेमतेम दोनशे पावलं. मी तिची खालची पापणी ओढून पाहिली, आतला भाग कागदासारखा पांढरा.

"ही माती खाती बगा," आई म्हणाली. "लय मारलं, तरी खाती."

तिला मी गाडीतूनच केंद्रावर आणलं. हिमोग्लोबिन ६.४ भरलं. शौचाचा नमुना ताजा होता, तो लगेच काचेवर घेतला. अंकुशकृमीची अंडी पातळ कवचाची असतात, नमुना तासन् तास उन्हात राहिला तर त्यांतून अळ्या बाहेर पडतात आणि तपासणी फसते. तिच्या काचेवर ती अंडी होती, सोबत गोल जंताचीही.

सोलापूर कोरडा मुलूख, इथं अंकुशकृमी कुठला, असं मलाही पूर्वी वाटायचं. पण पाटाच्या पाण्यावरचा उसाचा फड आतून कायम ओला आणि सावलीतला असतो. कोप्यांना संडास नाही, माणसं फडातच बसतात. अंडी एक-दोन दिवसांत फुटतात, आठवडाभरात अळी तयार होते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते. तिथून रक्तातून फुप्फुसात, खोकल्याबरोबर घशात, गिळली की आतड्यात. तिथं ती भिंतीला चावून बसते. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर, त्यामुळं उलटीत कुणाला दिसत नाही. त्यांतली एक जात दिवसाला साधारण ०.२ मिलिलिटर रक्त घालवते. असे शंभर असले तर रोज चार चमचे.

गोल जंताची वाट वेगळी. त्याचं अंडं मातीत दोन-चार आठवडे पिकतं, मग न धुतलेल्या हाताबरोबर तोंडात जातं. अळी तीही फुप्फुसातून फिरून येते, पण अंगात शिरते तोंडातूनच. या पोरीचं दुर्दैव असं की रक्त कमी झाल्यामुळं तिला माती खावीशी वाटत होती आणि त्याच मातीतून दुसरा जंत पोटात जात होता.

तिला गोळी दिली, लोहाचं औषध सुरू केलं आणि सिव्हिलला पाठवलं. संध्याकाळी मी शाळेची वही मागवली. भावाच्या नावापुढं बरोबरची खूण होती. बहिणीचं नावच नव्हतं. ती भावंड सांभाळते, शाळेत येत नाही. १ ते १९ वर्षांच्या प्रत्येक मुलाला गोळी द्यायची, शाळेत न जाणाऱ्यांना अंगणवाडीत, असा कार्यक्रमाचा आराखडा आहे. प्रत्येकाची तपासणी करत बसण्यापेक्षा सरसकट गोळी देणं सोपं आणि सुरक्षित, म्हणून तो तसा आखलाय. पण कोप्यांतली हिच्यासारखी मुलं ना शाळेच्या यादीत होती, ना अंगणवाडीच्या. ही चूक आमची होती. त्या दोनशे पावलांवर आमच्यापैकी कुणी गेलं नव्हतं.

राहिलेल्या मुलांसाठी आठवड्याभरानं जो दिवस असतो, त्या दिवशी मी आणि आशाताई पहाटेच कोप्यांवर गेलो. फडात जायच्या आधी मुलं सापडतात. दीड वर्षाच्या भावंडाला अर्धी गोळी चुरून पाण्यातून दिली. त्या तळावर अशी राहिलेली एकोणीस मुलं निघाली, त्यांतल्या एकाचंही नाव कुठल्या वहीत नव्हतं.

गोळी आतड्यातले मोठे जंत मारते. फुप्फुसात फिरणाऱ्या अळ्यांवर तिचा भरवसा धरता येत नाही, मातीतल्या अंड्यांना तर ती पोचतच नाही. म्हणून वर्षातून दोनदा द्यायची, आणि पुढची खेप ऑगस्टमध्ये. तोवर हे लोक गावी परतलेले असणार. प्रत्येक घराला मी चिठ्ठी लिहून दिली : आज गोळी दिली, पुढची १० ऑगस्टला.

"तिकडं कुणाला दावायची ही?" मुलीच्या आईनं विचारलं.

"गावातल्या अंगणवाडीताईला," मी म्हटलं. तिनं चिठ्ठीची घडी घातली आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली.