आडवळणाच्या थांब्याचा हिशेब

शाळेच्या बसचे पुढील वर्षाचे अंदाजपत्रक माझ्याकडे तपासणीसाठी आले, तेव्हा त्यात दोन गोष्टी जवळजवळ ठरल्यातच जमा होत्या. एक म्हणजे विद्यार्थ्यामागे मासिक शुल्क, आणि दुसरी म्हणजे मुख्य रस्त्यापासून आत असलेला एक थांबा परवडत नाही म्हणून बंद करण्याची शिफारस. पहिली गोष्ट आकड्यांनी लगेच निकालात निघाली. दुसरीचा विचार मात्र अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

रकमा ठिकठिकाणी वेगळ्या असतात, म्हणून बसचा वर्षाचा खरा खर्च १,२०० भाग मानून येथे सगळे आकडे त्याच भागांत देतो. बस ४० आसनांची, आणि शुल्क वर्षातून १० महिने घेतले जाते. कार्यालयाने तयार केलेल्या मसुद्यात महिन्याचा खर्च ८८ भाग धरून त्याला ४० आसनांनी भागले होते आणि शुल्क २.२ भाग काढले होते. भागाकारात काहीच चुकलेले नव्हते. चुकले होते ते वरचे आणि खालचे असे दोन्ही आकडे.

वरच्या आकड्यातील पहिली गफलत किलोमीटरची होती. मुले बसमध्ये असतात ते अंतर एका फेरीला १८ किलोमीटर, म्हणजे सकाळ-दुपार मिळून ३६, आणि मसुद्यात तेवढेच धरले होते. पण बस सकाळी वाहनतळावरून पहिल्या थांब्यापर्यंत ६ किलोमीटर रिकामी जाते, मुलांना सोडल्यावर शाळेपासून वाहनतळापर्यंत ४ किलोमीटर रिकामी परतते, आणि दुपारी हेच उलट क्रमाने घडते. मी चालकाला रोजच्या नोंदवहीतील किलोमीटरमापकाचे आकडे विचारले, तेव्हा त्यांनी वही न उघडताच ‘छप्पन्न’ असे सांगितले. अंदाजपत्रक करणाऱ्यांपैकी कोणीही त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता, आणि गाडी सर्वांत जास्त ओळखणारा माणूस गाडीच्या हिशेबातून वगळला जावा याची मला चीड येते. इंधन, वंगण, टायर आणि नेहमीची देखभाल हा अंतरानुसार होणारा खर्च त्यामुळे वर्षाला १८० वरून २८० भागांवर गेला. इंधनाची सरासरीही उत्पादकाच्या पत्रकातून न घेता टाकी काठोकाठ भरून, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतच्या अंतराला त्या वेळी लागलेल्या इंधनाने भागून काढावी लागते, कारण दर थोड्या अंतरावर थांबणारी बस मोकळ्या रस्त्यावरील गाडीपेक्षा बरेच जास्त इंधन पिते.

दुसरी गफलत महिन्यांची होती. चालक आणि मदतनीस यांचे वेतन, विमा, कर, परवाना, योग्यता तपासणी आणि घसारा हा स्थिर खर्च वर्षाला ८४० भाग होता. मसुद्यात त्याला १२ने भागून महिन्याला ७० धरले होते. परंतु पैसे १० महिनेच येणार असल्याने प्रत्येक शुल्कमहिन्यावर ८४ भाग पडतात. शिवाय मोठी दुरुस्ती आणि गाडी बंद पडल्यास भाड्याने आणावी लागणारी पर्यायी बस यांसाठी काहीच तरतूद नव्हती. ती मी वर्षाला ८० भाग धरली. असे ८४, २८ आणि ८ मिळून शुल्कमहिन्याचा खर्च १२० भाग झाला.

खालचा आकडा तर वस्तुस्थितीला धरूनच नव्हता. आसने ४० असली तरी नोंदणी ३२ मुलांची होती, आणि त्यांपैकी ४ मुले मोठ्या भावंडामुळे अर्धे शुल्क भरत होती. म्हणजे पूर्ण शुल्क भरणारे विद्यार्थी हिशेबाने ३०. १२० भागिले ३०, म्हणजे ४ भाग. मसुद्यातील २.२ भागांनी महिन्याला ६६ भाग जमा झाले असते आणि ५४ भागांची तूट पडली असती. रिकाम्या आसनांनाही शुल्क भरायला लावणारा भागाकार मी अनेक ठिकाणी पाहिला आहे, आणि तो करणारे लोक आसनक्षमता हा शब्द फार विश्वासाने उच्चारतात.

सरसकट ४ भाग घ्यावेत का, यावर बैठकीत बराच वेळ गेला. शाळेजवळच्या पालकांकडे मुलांना स्वतः सोडण्याचा पर्याय असतो, आणि त्यांतील पूर्ण शुल्काची ६ मुले गेली, तर बसचा मार्ग आणि खर्च जवळजवळ तेवढाच राहून उरलेल्या २४ जणांवर प्रत्येकी ५ भाग पडतात. ती वाढ ऐकून आणखी काही जण जातात. म्हणून घरापासून शाळेपर्यंतच्या थेट रस्त्याच्या अंतरावर तीन पट्टे केले. बस फिरून येते त्या अंतरावर ते मुद्दाम केले नाहीत, कारण ते फिरणे शाळेच्या सोयीचे असते आणि त्याचा भार मुलावर टाकणे अन्यायाचे आहे. पूर्ण शुल्काच्या हिशेबाने प्रत्येक पट्ट्यात १० विद्यार्थी येत होते. दर ३, ४ आणि ५ भाग ठेवल्यावर बेरीज पुन्हा १२० झाली.

यानंतर तो आडवळणाचा थांबा चर्चेला आला. तेथे दोन मुले चढतात, आणि त्यांच्यासाठी बस मुख्य रस्त्यापासून २ किलोमीटर आत जाऊन २ किलोमीटर बाहेर येते, म्हणजे दोन फेऱ्यांत ८ किलोमीटर. शिफारस करणाऱ्या संचालकांचा युक्तिवाद वरवर बिनतोड होता: ५६ पैकी ८ किलोमीटर म्हणजे सातवा हिस्सा, १२० भागांचा सातवा हिस्सा सुमारे १७ भाग, आणि ही दोन मुले तर सर्वांत दूरच्या पट्ट्यात प्रत्येकी ५ धरून १०च भाग देतात. म्हणजे दर महिन्याला ७ भागांचे नुकसान.

मी त्यांना एकच प्रश्न विचारला, की थांबा बंद केल्यावर नेमके कोणते बिल कमी होईल? चालकाचे वेतन कमी होणार नाही, विमा कमी होणार नाही, घसाराही तेवढाच राहील. वाचेल ते फक्त ८ किलोमीटरचे इंधन आणि झीज. अंतराचा वार्षिक खर्च २८० भागांना ५६ने भागले, तर रोजच्या एका किलोमीटरमागे वर्षाला ५ भाग येतात; ८ किलोमीटरचे ४०, म्हणजे शुल्कमहिन्याला ४. वाचतात ४ भाग आणि जातात १०. तोट्याचा म्हणून दाखवलेला थांबा प्रत्यक्षात महिन्याला ६ भाग इतरांच्या खर्चाला लावत होता. सरासरीने वाटलेला खर्च शुल्क ठरवायला चालतो; काय बंद करावे हे ठरवताना टळणारा खर्चच पाहावा लागतो. संचालकांनी कागद दोनदा तपासला आणि शिफारस मागे घेतली, याचा मी आदर करतो.

तरीही हे उत्तर कायमचे नाही, आणि त्यातच माझे मन अडकले आहे. आज ८ आसने रिकामी आहेत म्हणून त्या दोन मुलांच्या आसनांची किंमत शून्य धरता आली. उद्या बस भरली आणि मुख्य रस्त्यावरची मुले प्रतीक्षेत राहिली, तर त्याच दोन आसनांवर तेवढे शुल्क ४ भागांचा फेरा न घालता मिळेल, आणि त्या दिवशी माझेच आकडे थांब्याच्या विरुद्ध बोलतील. शिवाय त्या वळणामुळे त्याआधी चढलेल्या मुलांचा बसमधील वेळ वाढतो, आणि त्याचा भाग माझ्या कोणत्याही रकान्यात नाही.

जवळच्या पट्ट्याच्या दराबद्दलही मी अजून निःशंक नाही. त्या १० जणांकडून ३ ऐवजी ४ घेतले असते, तर दोन जण जाऊनही ३२ भाग आले असते, म्हणजे आताच्या ३० पेक्षा जास्त; तिसरा गेला की मात्र २८. तिसरे कुटुंब गेले असते की नाही, यावर सगळा दर उभा आहे, आणि पालकांना आधी विचारून पाहण्याइतका वेळ बैठकीने ठेवला नव्हता. मी अंदाजपत्रकाच्या शेरा रकान्यात दोन अटी लिहून दिल्या: इंधन ६ टक्क्यांनी महागल्यास शुल्क १ टक्क्याने वाढेल, कारण वर्षाच्या खर्चात इंधन २०० भाग, म्हणजे सहावा हिस्सा आहे, आणि रिकामी आसने दोनपेक्षा कमी झाली, तर आडवळणाच्या थांब्याचा हिशेब नव्याने मांडावा.