काळा, तरी गोड

आज सातवीला बालकवींची ‘औदुंबर’ घेतली. पहिलं वाचन पाढ्यांसारखं एका सुरात झालं. भाव विचारला तर वर्गभर एकच उत्तर: “छान!”

मग अर्थ न सांगता फक्त रंगांखाली रेघ मारायला लावली. फळ्यावर ओळीने उतरलं: हिरवा, निळासावळा, पांढरी पायवाट, काळा डोह. मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, अंधार पडत चाललाय.”

‘गोड काळिमा’पाशी मात्र सगळे अडले. काळं गोड कसं? मी घाईने उत्तर दिलं नाही. (हा मोह फार वाईट.) बऱ्याच वेळाने एक मुलगी म्हणाली, “सिद्धेश्वर तळ्याच्या पायरीवर आजोबा संध्याकाळी गप्प बसतात. दुःखी नसतात. तसं.”

शेवटची ओळ पुन्हा वाचताना आवाज आपोआप खाली आले.