खिडकीकडे पाठ

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्लेसमेंटचं काम बघतो. त्या वर्षी एका कंपनीने पहिली फेरी रेकॉर्डेड ठेवली होती. स्क्रीनवर प्रश्न येणार, विचार करायला ३० सेकंद, उत्तराला ९० सेकंद, आणि एकदा बोललं की बोललं, पुन्हा रेकॉर्ड करायची सोय नाही.

तासगावकडच्या एका मुलीने आदल्या दिवशी घरून सरावाची क्लिप पाठवली. उघडली तर चेहऱ्याच्या जागी नुसतं काळं. मागे मात्र खिडकी लख्ख, बाहेरची द्राक्षबाग अगदी पानापानासकट दिसत होती! कॅमेरा समोरच्या सगळ्या उजेडाचा हिशोब करतो. खिडकी भगभगीत, म्हणून त्याने सगळंच मंद केलं आणि त्यात ही बुडाली.

मी फोन केला. "अगं, टेबल फिरव. खिडकी लॅपटॉपच्या मागे आली पाहिजे, तुझ्या नाही."

"सर, मग मागे भांड्यांची मांडणी दिसेल."

"दिसू दे."

दुसऱ्या क्लिपमध्ये चेहरा स्वच्छ होता, पण कॅमेरा हनुवटीखालून वर बघत होता. तिने लॅपटॉपखाली धान्याचे दोन डबे ठेवले, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आला. आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा. ब्लूटूथचे इअरबड होते. त्यांचा माइक चालू झाला की आवाजाचा दर्जा बऱ्याचदा असा उतरतो. भावाचा साधा वायरचा इअरफोन लावल्यावर फरक लगेच कळला.

खरी अडचण तिसऱ्या क्लिपमध्ये सापडली. बोलताना तिचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकत होते, ओळ संपली की परत डावीकडे. पाठ केलेलं उत्तर तिने स्क्रीनवर उघडून ठेवलं होतं. मुलांना वाटतं, हे कुणाला कळत नाही. पहिल्या दहा सेकंदांत कळतं. ती फाइल बंद करायला लावली आणि प्रोजेक्टबद्दलचे चारच शब्द कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून कॅमेऱ्याच्या अगदी खाली चिकटवायला सांगितले: पंप, सेन्सर, बिघाड, दुरुस्ती. वाक्यं तिची तिलाच जुळवावी लागली. थोडी अडखळली, पण आता ती सांगत होती.

दुसऱ्या दिवशी, खिडकीतून तसाच उजेड येतो त्याच वेळेला, ती रेकॉर्डिंगला बसली. संध्याकाळी फोन आला तो रडवेला. "सर, दुसऱ्या उत्तरात कुकरची शिट्टी झाली."

"मग तू काय केलंस?"

"थांबले. शिट्टी संपल्यावर 'माफ करा' म्हटलं आणि सेन्सरपासून पुढे सांगितलं. शेवटचं वाक्य राहिलं."

मला हायसं वाटलं. शिट्टीवर ओरडून बोलली असती तर ते उत्तर कुणालाच ऐकू गेलं नसतं.

पुढच्या आठवड्यात थेट मुलाखतीला बोलावणं आलं. त्या दिवशी तिच्या आईने भात पातेल्यातच शिजवला.