घड्याळाच्या दुकानात चार तास

शूटिंगसाठी जागा मिळवणं आणि मिळालेली जागा धड परत करणं, हे माझं काम. मोठ्या युनिटमध्ये यासाठी वेगळी माणसं असतात, आमच्या लघुपटात मी एकटाच होतो. एकच प्रसंग होता: मुलगा वडिलांच्या पश्चात त्यांचं दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ न्यायला येतो, दुकान बंद व्हायची वेळ झालेली असते. त्यासाठी घड्याळ दुरुस्तीचं एक जुनं दुकान हवं होतं. ते मिळालं, काम झालं, दुकान झाडूनपुसून परत केलं. तरी त्या दुकानासाठी मी लिहिलेलं पत्र अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

पत्राचा पहिला मसुदा दिग्दर्शकाने लिहून पाठवला होता. त्यात दुकानाचं सौंदर्य, कथेचा आशय, कलेला हातभार वगैरे दीड पान होतं आणि किती वाजता येणार हेच नव्हतं. असं पत्र वाचून दुकानदार नाही म्हणतो आणि बरोबरच करतो. त्याला चार गोष्टी कळायला हव्या असतात: किती माणसं, किती वेळ, कशाला हात लावणार आणि काही मोडलं तर कोण भरून देणार. मी सगळं खोडून एका पानात लिहिलं.

वेळेबद्दल मी फार काटेकोर आहे. ‘चार तासांचं शूट’ असं पत्रात कधीच लिहू नये. आपण कॅमेरा सुरू झाल्यापासून मोजतो, दुकानदार पहिला स्टँड आत आल्यापासून शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत मोजतो. दोन्हींत सहज दीड तासाचा फरक पडतो आणि भांडणं तिथेच होतात. म्हणून मी लिहिलं: ‘दुकान बंद झाल्यावर रात्री 8 वाजता आम्ही आत येऊ. 11 वाजता चित्रीकरण थांबवू. 11 ते 12 आवराआवर करू आणि 12 वाजता किल्ली आपल्या हातात देऊ. प्रसंग अपुरा राहिला तरी वेळ वाढवून मागणार नाही.’ शेवटचं वाक्य दिग्दर्शकाला अजिबात आवडलं नव्हतं. ते मी काढलं नाही.

श्रेयाचंही तसंच. ‘योग्य श्रेय देऊ’ याला काही अर्थ नसतो. शेवटच्या पाट्यांमध्ये ‘विशेष आभार’ या मथळ्याखाली दुकानाचं नाव येईल, हा प्रसंग संकलनात गळला तरी येईल, असं मी लिहिलं आणि खाली एक रिकामी ओळ सोडली: ‘नाव जसं हवं तसं कृपया येथे लिहावे.’ दुकानदार काकांनी त्या ओळीवर स्वतःच्या अक्षरात नाव लिहून दिलं. ते पाटीवरच्या नावापेक्षा थोडं वेगळं होतं, त्यात त्यांच्या वडिलांचं नाव आलं होतं.

टापटिपीबद्दल सर्वांत जास्त लिहिलं, कारण तिथे मला अभिमान आहे. प्रत्येक कपाटाचे, काउंटरचे, भिंतीचे आधी फोटो काढू. स्टँडच्या पायांना कापड गुंडाळू. भिंतीला रंग ओढणारी जाड चिकटपट्टी लावणार नाही, फक्त कागदी पट्टी वापरू. हललेली प्रत्येक वस्तू फोटोशी ताडून जागेवर ठेवू. ड्रॉवर उघडणार नाही. दुरुस्तीला आलेल्या घड्याळांना बांधलेल्या चिठ्ठ्यांवर गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर असतात, ते एकाही चौकटीत दिसणार नाहीत. हे शेवटचं वाचून काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं. होकार बहुधा तिथेच मिळाला.

सही करताना ते एवढंच म्हणाले, “त्या भिंतीचं तेवढं सांभाळा.”

त्या भिंतीवर लंबकाची सात-आठ घड्याळं होती. मी पत्रात आणखी एक ओळ घातली: ‘भिंतीवरील घड्याळे खाली उतरवली जाणार नाहीत.’ त्यांनी वाचलं, मान डोलावली. आमचं बोलणं संपलं.

शूटच्या रात्री काका आठ वाजता दुकान उघडं ठेवून जेवायला घरी गेले आणि मुलाला बसवून गेले. मुलगा नोकरी करणारा, दुकानात फारसा न बसणारा. आमचं युनिट नऊ जणांचं, पत्रात लिहिलं होतं तितकंच. दिवे लागले, आणि साउंडवाल्याने हेडफोन काढून मला बोलावलं. “एवढ्या टिकटिकीत संवाद घेता येणार नाही.”

तो उगीच अडून बसला नव्हता. टिकटिक मंद असली तरी तिला ठेका असतो. एका टेकमधलं वाक्य आणि दुसऱ्या टेकमधलं वाक्य संकलनात जोडलं, की जोडावर टिकटिकीचा ठेका चुकतो. दोन ठोके जवळ येतात नाहीतर मध्येच एक पडतो. प्रेक्षकाला नेमकं काय झालं ते सांगता येत नाही, पण काहीतरी अडखळलं हे कानाला कळतं. आठ घड्याळांची टिकटिक एकमेकींत मिसळलेली असली की ते दुरुस्तही करता येत नाही. म्हणून रीत अशी आहे, की आधी घड्याळांचा आवाज वेगळा भरून घ्यायचा, मग सगळी घड्याळं थांबवायची, संवाद शांततेत घ्यायचे आणि टिकटिक नंतर खाली अंथरायची. आमच्या प्रसंगात वेळही सव्वाआठच्या पुढचीच होती. काटे थांबले तर प्रत्येक शॉटमध्ये तीच वेळ दिसणार, म्हणजे आमचा दुहेरी फायदा.

मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, “करा की, लंबक धरला की थांबतं.” 8 वाजून 20 मिनिटांनी आम्ही एकेक लंबक हाताने थांबवला. अकराच्या आत प्रसंग झाला. आवराआवर इतकी नीट झाली की मीच खूश झालो. आर्टची मुलगी फोटो हातात धरून काउंटरवरची पकड आणि भिंग मूळ कोनात ठेवत होती. आमचा एक मदतनीस, अतिशय कामसू पोरगा, स्टुलावर चढून घड्याळं सुरू करत होता. लंबकाला झोका दिला, आणि सगळी घड्याळं पावणेचार तास मागे दिसू नयेत म्हणून मोबाइल बघून काटे फिरवून प्रत्येकात बरोबर वेळ लावली. मी त्याला शाबासकी दिली. 12 वाजून 10 मिनिटं झाली होती. वेळेच्या बाबतीत मी दहा मिनिटं चुकलो आणि त्याचीच चुटपुट घेऊन घरी गेलो.

सकाळी आभार मानायला दुकानात गेलो. काका भिंतीसमोर वही घेऊन उभे होते. आमच्यासमोर नऊ वाजले. एका घड्याळाचे काटे नऊ दाखवत होते आणि त्याने सहा ठोके दिले.

मी त्यांना काही विचारण्याआधी त्यांनीच समजावून सांगितलं. या जातीच्या घड्याळात किती ठोके द्यायचे हे काटे ठरवत नाहीत. आत कडेला खाचा असलेली एक चकती असते, ती प्रत्येक तासाला एक घर पुढे सरकते. काटे भरभर फिरवले आणि प्रत्येक तासाला ठोके पुरे व्हायला थांबलं नाही, तर काटे पुढे जातात आणि चकती मागे राहते. आठ-वीसवरून बारा-दहावर जाताना वाटेत चार तास वाजायला हवे होते. एक वाजला, तीन गिळले गेले. म्हणून नऊला सहा. हे दुरुस्त करणं सोपं होतं. चकती मोकळी करून ठोके जुळेपर्यंत ते वाजवत राहिले.

खरं नुकसान वहीत होतं. भिंतीवरची तीन घड्याळं विकायची किंवा सजावटीची नव्हती, दुरुस्त होऊन चाचणीला टांगलेली होती. आठ दिवसांच्या चावीचं घड्याळ दुरुस्त झालं की एक अख्खी चावी संपेपर्यंत बघावं लागतं, कारण स्प्रिंग भरलेली असताना जोर जास्त असतो आणि उतरत जाते तसा कमी होतो. पहिल्या दोन दिवसांत बरोबर चालणारं घड्याळ सातव्या दिवशी मागे पडू शकतं. रोज ठरलेल्या वेळी किती मिनिटं मागे किंवा पुढे ते वहीत लिहायचं, काट्यांना हात लावायचा नाही, आणि त्यावरून लंबकाखालचा नट किती फिरवायचा ते ठरवायचं. लोलक वर घेतला की घड्याळ पळतं, खाली सोडला की रेंगाळतं. वहीत एका घड्याळाच्या पाच नोंदी होत्या, फरक रोज वाढत गेलेला. सहावी त्या सकाळी व्हायची होती.

नुसतं थांबवून सोडलं असतं तरी भागलं असतं. थांबवल्याची आणि सुरू केल्याची खरी वेळ कागदावर टिपली असती तर मधले तास वजा झाले असते. पण साठत आलेला फरक म्हणजेच त्यांचं मोजमाप, आणि आमच्या पोराने बरोबर वेळ लावून तेच पुसलं. आठ दिवस पहिल्यापासून. एका गिऱ्हाइकाला त्याच आठवड्यातली तारीख दिलेली होती.

“पत्रात लिहिलं होतंत तसं सगळं जागेवर आहे,” काका म्हणाले. ते हे मनापासून म्हणत होते, आणि मला उभं राहवेना. त्या गिऱ्हाइकाला उशिराचं कारण सांगायला फोन मी करतो म्हणालो. त्यांनी नको म्हटलं, माझ्या दुकानाचा शब्द मीच सांभाळतो म्हणाले.

त्यांनी मला सांगितलं होतं, हे मला सोडत नाही. ‘भिंतीचं सांभाळा’ हे मी ‘फोडू नका’ असं ऐकलं आणि तशी ओळ लिहिली. त्यांनी ती वाचून मान डोलावली, कारण चालू घड्याळ कुणी थांबवेल हे त्यांच्या मनातच आलं नसणार. आणि मुलाला विचारून मी परवानगी मिळवली असं समजलो, तेही चूकच. दुकानात हजर असलेला माणूस आणि ज्याचं काम तिथे चालू आहे तो माणूस हे वेगळे असू शकतात. पोराला मी काही बोललो नाही. काटे फिरवू नकोस असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ते सांगणं माझं काम होतं.

आता माझ्या पत्रात एक नवी ओळ आहे: ‘आवाजासाठी किंवा दृश्यासाठी चालू असलेली कोणतीही वस्तू थांबवायची झाल्यास आपल्याला स्वतःला विचारल्याशिवाय थांबवणार नाही, आणि थांबवल्यास वेळ लिहून ठेवू व पुन्हा सुरू करण्याचे काम आपल्यावर सोडू.’ सहीआधी मी एक प्रश्नही विचारतो: आम्ही गेल्यावर सकाळी दुकान उघडलंत की सर्वांत आधी काय बघता? परवा एका दुकानदारीणबाईंना विचारलं तर त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, असं काही नाही हो. मी निघालो तेव्हा त्यांनी पायऱ्यांवरून हाक मारून परत बोलावलं.